अर्थशास्त्राच्या पीएचडीचा अर्ज: डिसेंबरआधी हातात काय हवं

अमेरिकेतल्या वरच्या विद्यापीठांची अर्जाची मुदत बहुतेक डिसेंबरात संपते, तिथून मागे मोजत या. टोफेल, पासपोर्ट वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच. आधी रिअल अ‍ॅनालिसिस. मागच्या खेपेला माझ्या मार्कशीटवर तेवढंच नव्हतं, आणि अर्थशास्त्रातल्या मार्कांनी ती उणीव भरून निघत नाही. कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी हवंच. पण तिथे बहुतेक उत्तर काढावं लागतं, इथे सिद्ध करावं लागतं, आणि पहिल्या वर्षाच्या मायक्रोत तेच लागतं.

जमतंय का ते असं पाहा. [0,1] वरचं कंटिन्युअस फंक्शन कुठेतरी कमाल किंमत गाठतंच, हे पुस्तक मिटून सिद्ध करा. मग (0,1) वर ते का फसतं ते सांगा: f(x)=x ची किंमत 1 च्या हवी तितकी जवळ जाते, पण पोचत नाही. आता ग्राहक घ्या. सगळे भाव शून्याहून जास्त असले की बजेट सेट बंदिस्त आणि मर्यादित राहतो, म्हणून युटिलिटी कंटिन्युअस असली की सर्वोत्तम निवड सापडतेच. एका वस्तूचा भाव शून्य झाला की सेटला मर्यादा उरत नाही. ती वस्तू कितीही मिळाली तरी आणखी हवी असणाऱ्याची मागणी ठरतच नाही. ‘आकृतीत दिसतंय की’ एवढंच सुचत असेल तर अजून वेळ आहे.

एमए करत असाल तर गणित विभागाचा पेपर घ्या. पदवी झाली असेल तर एनपीटीईएलचं जानेवारी सत्र. जुलैचं घेतलंत तर निकालाआधीच मुदत टळायची भीती. परीक्षा केंद्रावर जाऊन द्या, नुसते व्हिडिओ पाहिल्याला कोणी विचारत नाही. पुन्हा सांगतो: रिअल अ‍ॅनालिसिस, मार्कांसकट, डिसेंबरआधी.

मग आरएची नोकरी, म्हणजे प्रीडॉक. ती शक्यतो अशा प्राध्यापकाकडे, ज्यांचा संशोधनातला शब्द प्रवेश समितीला ठाऊक आहे. स्टाटा किंवा आर, आणि दोन सर्वेक्षणांचा डेटा जोडताना किती नोंदी जुळल्या नाहीत, का, हे लिहून ठेवायची सवय. शिफारसपत्रात असंच काहीतरी उतरतं. ‘मेहनती आहे’ एवढ्याच पत्राचा उपयोग नाही. प्रीडॉक बहुधा दोन वर्षांचं असतं. रुजू झाल्यावर लगेच त्याच हिवाळ्यात अर्ज केलात तर सरांना लिहायला फारसं काही नसतं. त्याच काळात संध्याकाळी अ‍ॅनालिसिस उरकता येतं. हो, तेच.

उरलेलं पटापट. जीआरई क्वांट 170 च्या जवळ. तिथे कमी पडलात तर नडतं, पण जास्त मिळाले म्हणून प्रवेश मिळत नाही. तीन पत्रं, सप्टेंबरातच विचारा. विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट आत्ताच मागवा, खिडकीवर फेऱ्या होतात. एसओपीत बालपण नको, प्रश्न हवा. अर्जाच्या फीचे पैसे बाजूला काढा. आणि ट्रान्स्क्रिप्ट आली की अ‍ॅनालिसिसचा मार्क छापलाय का ते तिथेच पाहा.