वाढावा आहे, मग पैसे कुठे गेले?

वार्षिक सभेत ताळेबंदाचे आलेख दाखवताना हमखास येणारा प्रश्न एकच: वाढावा सहा लाख, तर बँकेतली शिल्लक कमी कशी? त्याचं उत्तर भाषणातच द्यावं. प्रश्न आल्यावर दिलेलं उत्तर सारवासारवीसारखं वाटतं.

उत्पन्न-खर्चाच्या आलेखानंतर लगेच पाच खांबांचा आलेख ठेवा. समजा, वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक बारा लाख. त्यात वाढाव्याचे सहा मिळवले. सभासदांकडची थकबाकी चार लाखांनी वाढली, म्हणजे ते उत्पन्न वहीत जमा झालं पण हातात आलं नाही, ते वजा. कर्जाची मुद्दल पाच लाख फेडली. ती खर्चात दिसत नाही, पैसे मात्र गेले. उरले नऊ. बोट प्रत्येक खांबावर ठेवून बोला: “हे चार लाख आपल्याच सभासदांकडे आहेत.” थकबाकीदारांची नावं घेऊ नका, सभा तिथेच भरकटते.

वाढावा काढताना घसारा वजा केला असेल, तर त्याचा वेगळा खांब मिळवणीत हवा, कारण घसाऱ्यात रोकड जात नाही. तो विसरला की शेवटचा खांब बँकेच्या शिलकेशी जुळत नाही. छापण्याआधी हा मेळ हिशेबनिसाकडून तपासून घ्या. आणि उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. दहा लाखांपासून केला तर बारावरून अकरावर आलेली शिल्लकसुद्धा निम्मी झाल्यासारखी दिसते, आणि मागच्या रांगेतल्यांना आकडे दिसत नाहीत, फक्त खांब दिसतात.