लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनी मिळून वाचायचंय? या चुका टाळा

पंचविसावा किंवा पन्नासावा वाढदिवस आला की हल्ली स्टेजवर केक कापून झाल्यावर नवरा-बायको आळीपाळीने एकेक ओळ वाचतात. कल्पना छान आहे. पण दहातली आठ वाचनं एकाच जागी फसतात: ओळी दोघांच्या असतात, बोलणं मात्र कुणाचंच नसतं. एका माणसाने लिहिलेला निबंध मधोमध कापून दोघांत वाटलेला असतो. तो असा:

तो: आमचं लग्न १९९९ च्या मे महिन्यात दोंडाईच्याला झालं.
ती: त्यानंतर आम्ही भुसावळला राहायला गेलो.
तो: तिथे आम्ही खूप कष्ट केले.
ती: अनेक सुखदुःखं एकत्र पाहिली.

या चारही ओळी त्याने एकट्याने वाचल्या तरी काही बिघडत नाही. हीच ओळखायची खूण. मसुदा हातात आला की तिच्या ओळी बोटाने झाका आणि फक्त त्याच्या वाचा. अर्थ नीट लागला तर तो संवाद नव्हे. नीट लिहिलेल्या वाचनात एकाच्या ओळी दुसऱ्यावाचून लंगड्या पडायला हव्यात. तोच प्रसंग आता असा पाहा:

तो: मे महिना, दोंडाईचा, दुपारी बाराचा मुहूर्त.
ती: साडेबाराला लागलं.
तो: पत्रिकेवर बारा होतं.
ती: पत्रिकेवर होतं. तुमची बस नरडाण्याला उभी होती.
तो: टायर पंक्चर झालं, त्यात माझा काय दोष?
ती: दोष नाही हो. मी अकरापासून मुंडावळ्या बांधून बसले होते, एवढंच.

इथे जवळजवळ प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतला एक शब्द पकडते. तो 'बारा' म्हणतो, ती 'साडेबारा' म्हणते. पुढे 'पत्रिका' आणि 'दोष' हे शब्द तसेच हातोहात जातात. हा पकडलेला शब्द वाचतानाही कामाला येतो. समोरच्याचा तो शब्द कानावर पडला की आपली ओळ आपोआप सुरू होते, मान हलवून इशारा द्यावा लागत नाही.

अशा ओळी विचार करकरून सुचत नाहीत, त्या गोळा कराव्या लागतात. दोघांना वेगवेगळं बसवा आणि तेच चार-पाच प्रश्न विचारा: लग्नाच्या दिवशी काय बिघडलं, पहिलं भाड्याचं घर कसं होतं, पहिली मोठी वस्तू कोणती घेतली, पहिलं भांडण कशावरून झालं. उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग दोघांच्या आठवणी जिथे जुळत नाहीत तिथे खूण करा. खरा माल तिथेच असतो. पुष्कळ लोक नेमका हाच मतभेद मिटवायला बसतात, 'नक्की बारा की साडेबारा' हे मोठ्या भावाला फोन करून विचारतात आणि सगळी गंमत घालवतात. मिटवू नका. ज्यांना हे गोळा करायला एक संध्याकाळही देता येत नाही, ते व्हॉट्सअ‍ॅपवरची यमकं उतरवून आणतात. ती ऐकताना मंडपातले लोक पंगत कधी बसणार याचा अंदाज घेत असतात.

दुसरी लाडकी चूक म्हणजे सगळी वर्षं क्रमाने घेणं. पंचवीस वर्षांच्या पंचवीस ओळी केल्या की बदल्या, बारसी आणि घरभरणी यांची यादी तयार होते. तीन प्रसंग पुरे. प्रत्येकाला दहा-बारा ओळी द्या, आणि एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना दोन्हीत येणारी एखादी वस्तू धरा. वर्ष सांगायचंच असेल तर परिसराच्या खुणेने सांगा. 'तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं' म्हटलं की १९९८ च्या आधीचा काळ सगळ्यांना कळतो, आणि ज्यांनी तो पाहिलाय ते माना डोलावतात. एकूण चाळीसेक ओळी, सरासरी आठ शब्दांच्या. लोक हसायला थांबतात तो वेळ धरून हे चार मिनिटांत होतं. सहा मिनिटांच्या पुढे गेलात तर मागच्या रांगा उठतात.

ओळी एकसारख्या लांबीच्या ठेवू नका. तीन तोकड्या ओळी पटापट आणि मग एक लांब, असं चाललं की ते बोलण्यासारखं वाटतं. दोघांनी एकत्र म्हणायची ओळ एक, फार तर दोन, आणि तीही चार शब्दांची. लांब ओळ एकत्र म्हणायला गेलं की एक जण पुढे पळतो.

भाषेचंही तसंच. घरी ती 'अहो' म्हणते आणि तो 'अगं' म्हणतो, पण कागदावर अचानक 'प्रिये' आणि 'सखे' उगवते. घरात जे चालतं तेच ठेवा. घरात अहिराणी बोलत असाल तर भांडणातली एखादी ओळ अहिराणीतच राहू द्या. 'तुम्हले काय समजस?' याला जो हशा मिळतो तो 'आपणास काय कळते?' याला कधीच मिळणार नाही. रावेर-यावलकडची मंडळी असतील तर तिथे लेवा बोली येऊ द्या. मात्र घरात जी बोली नाही ती हशासाठी उसनी आणू नका, पाहुण्यांना लगेच कळतं.

सासर-माहेरचे जुने हिशेब, कुणाचं आजारपण आणि पैशांची तंगी यांपैकी काय वाचायचं ते दोघांनी आधी ठरवा. एकाचीही ना असेल तर तो प्रसंग काढून टाका.

आता कागद. धुळ्याच्या एका कार्यक्रमात हौशी पुतण्याने काकांच्या कागदावर फक्त काकांच्या ओळी आणि काकूंच्या कागदावर फक्त काकूंच्या ओळी छापल्या होत्या. पहिल्या हशात काका गडबडले आणि त्यांची एक ओळ सुटली. तिथून सगळी उत्तरं एक घर पुढे सरकली. 'आपण पहिला कूलर आणला' असं काका म्हणाले आणि काकू हळव्या आवाजात म्हणाल्या, 'त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा रडलात'. पुढची दोन मिनिटं तसंच चाललं, कारण समोरच्याच्या कोणत्या ओळीवर आपण आहोत हे दोघांपैकी कुणालाच कागदावर दिसत नव्हतं. म्हणून दोघांच्या हातात पूर्ण मसुदा हवा. त्याच्या ओळी साध्या, तिच्या ठळक, अक्षर १८ ते २० पॉइंट, कागदाच्या एकाच बाजूला छापलेलं. पानांना मोठे क्रमांक घाला आणि पान संपताना ओळ तुटू देऊ नका. मोबाइलवरून वाचणं मला पटत नाही. स्क्रीन मध्येच काळी पडते, आणि नेमका तेव्हाच अभिनंदनाचा फोन येतो.

हशा आला की थांबा, तो ओसरू लागला की पुढची ओळ घ्या. एकमेकांकडे बघत वाचायचं असेल तर त्यासाठी फार पाठांतर लागत नाही. प्रत्येक ओळीतले शेवटचे दोन-तीन शब्द लक्षात ठेवा आणि ते जोडीदाराकडे बघून म्हणा. सराव उभं राहून, मोठ्याने, चष्मा लावून करा. सोफ्यावर बसून मनात वाचणं हा सराव नव्हे.

माइक दोन मागा. एकच माइक इकडून तिकडे दिला की प्रत्येक ओळीमागे खरखर आणि दोन सेकंद जातात, आणि झटपट उत्तराची ओळ मरते. माइक हनुवटीखाली चार बोटं धरा. बरीच लग्नं मे महिन्यातली असल्याने वाढदिवसही मेमध्येच येतात आणि स्टेजच्या कडेला मोठा कूलर लावलेला असतो. त्याची घरघर माइकमध्ये शिरते आणि वाऱ्याने पानं उडतात. वाचन होईस्तोवर तो बंद करायला आधीच एका पोराला सांगून ठेवा, आणि कागद पुठ्ठ्याला क्लिप लावून न्या.