ईएनटी-ऑप्थॅलच्या शॉर्ट केस: या चुका टाळा

दरवर्षी प्रॅक्टिकलला तेच घडतं. रिने टेस्टसाठी ट्यूनिंग फोर्क हातात आला की मुलं तो टेबलाच्या कडेवर दणकन आपटतात. त्यातून भलतेच सूर निघतात आणि एक्स्टर्नल तिथेच नाराज होतो. ५१२ हर्ट्झचा फोर्क दांड्याला धरा आणि स्वतःच्या कोपरावर हलकेच मारा. दोन्ही पाती कानाच्या नळीच्या रेषेत, कानापासून साधारण दोन सेंटिमीटरवर आली पाहिजेत. कानामागे मास्टॉइडवर फोर्कचं बूड घट्ट टेकवा. आणि फोर्क वाजवण्याआधीच पेशंटला विचारून ठेवा, "काका, आवाज मागे मोठा येतो की पुढे, एवढंच सांगा." फोर्क वाजल्यावर समजावत बसलात तर तोवर आवाज विरतो.

पण खरी गंमत निष्कर्षात होते. एका परीक्षेत पेशंटला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं. विद्यार्थ्याने उजवीकडे रिने निगेटिव्ह काढली आणि ठणकावून सांगितलं, "कंडक्टिव्ह लॉस, सर." वेबर? "डावीकडे, सर." उजवीकडे कंडक्टिव्ह असता तर वेबर उजवीकडेच गेली असती. शिवाय दोन्ही पडदे शाबूत होते. उजवा कॉक्लिया जवळजवळ निकामी होता. मास्टॉइडवरची कंपनं कवटीतून डाव्या कानाला पोचत होती आणि पेशंट प्रामाणिकपणे "मागे मोठा" म्हणत होता. ही फॉल्स निगेटिव्ह रिने. डाव्या कानाला बॅरनी बॉक्स लावून पुन्हा तपासली की हाडावरचा आवाज नाहीसा होतो. माझी सवय अशी, की रिने आणि वेबर जुळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आदल्या रात्री तक्ता घोकणाऱ्यांना हे जमत नाही, कारण तक्त्यात पेशंट नसतो.

डोळ्याच्या टेबलावर घाई वेगळी. पांढरी बाहुली दिसली की "मॅच्युअर कॅटरॅक्ट" म्हणून मोकळे! आधी व्हिजन घ्या. ते हात हलल्याचं किंवा नुसता उजेड दिसण्यापुरतं असेल तर दुसरा डोळा नीट झाकून चारही दिशांनी टॉर्च दाखवा आणि उजेड कुठून येतो ते विचारा. मग टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर न्या. कॅटरॅक्ट कितीही पिकलेला असो, त्याने आरएपीडी येत नाही. आलाच, तर दोष रेटिनात किंवा ऑप्टिक नर्व्हमध्ये शोधायचा. अशा वेळी ऑपरेशननंतर नजर येईलच असं म्हणू नका. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात अश्रूपिशवी दाबून पाहायला तर निम्मे विसरतात. तिथून पू आला तर आधी त्या पिशवीचा बंदोबस्त, कॅटरॅक्ट नंतर; नाहीतर तोच पू डोळ्यात एन्डॉफ्थॅल्मायटिस करतो.

बाकी किरकोळ. टंग डिप्रेसर जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागावरच ठेवा, मागे गेलात की पेशंट ओकारी काढणार. थुडिकम डाव्या तर्जनीवर अडकवायचा, चिमट्यासारखा धरायचा नाही. आणि हेड मिररचा फोकस पेशंटसमोर बसल्यावर नाही, आधी आपल्या तळहातावर जुळवून घ्या.