हायड्रोजनच्या पातळ्यांचे स्टार्क-विस्थापन कसे काढावे : एकरेषीय कुठे, वर्गीय कुठे

१९१३ साली योहानेस स्टार्क यांनी हायड्रोजनच्या प्रकाशाकडे तीव्र विद्युत क्षेत्रात पाहिले, तेव्हा त्यांना बामर मालिकेतील रेषा फुटलेल्या दिसल्या. रेषांमधले हे अंतर क्षेत्राच्या सम प्रमाणात वाढत होते. सोडियमसारख्या अणूंच्या खालच्या पातळ्या मात्र क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि तेही अगदी किंचित, सरकतात. खुद्द हायड्रोजनची तळपातळीसुद्धा तशीच वागते. एकाच अणूच्या दोन पातळ्या दोन वेगवेगळे नियम का पाळतात, हे कळण्याचा सरळ मार्ग म्हणजे दोन्हींची विस्थापने स्वतः काढून पाहणे. त्यासाठी क्षेत्र दर सेंटीमीटरला एक लाख व्होल्ट, म्हणजे दर मीटरला एक कोटी व्होल्ट, असे धरू. स्टार्क यांच्या प्रयोगातील क्षेत्र साधारण याच श्रेणीतले होते.

पहिली पायरी : क्षेत्राचे माप ऊर्जेत आणा. क्षेत्र F हे z दिशेने असेल, तर इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेत `eFz` ही भर पडते. हायड्रोजनमधली नैसर्गिक लांबी म्हणजे बोर त्रिज्या `a0`, म्हणजेच ०.०५२९ नॅनोमीटर. म्हणून `e·a0·F` ही राशी सर्वांत आधी काढून ठेवावी. आपल्या क्षेत्रासाठी ती ०.५२९ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. पुढचे सगळे आकडे तिच्याच पटीत मिळतात.

दुसरी पायरी : कोणत्या अवस्था जोडल्या जातात ते ठरवा. अणूच्या केंद्राभोवती सगळ्या दिशा उलट केल्या, तर s अवस्था जशीच्या तशी राहते आणि p अवस्थेचे चिन्ह बदलते. z चेही चिन्ह बदलते. त्यामुळे कोणत्याही एका शुद्ध अवस्थेसाठी z ची सरासरी शून्यच येते, आणि क्षेत्र फक्त विरुद्ध प्रकारच्या अवस्थांना, म्हणजे s ला p शी, p ला d शी, जोडू शकते. शिवाय z अक्षाभोवतीचा कोनीय संवेग दर्शवणारा m हा अंक दोन्ही अवस्थांत सारखाच असावा लागतो. दोन अवस्थांना जोडणाऱ्या या ऊर्जेला V म्हणू.

तिसरी पायरी : V ची तुलना दोन अवस्थांमधल्या ऊर्जेच्या फरकाशी करा. सगळा निकाल इथेच लागतो. फरक Δ असेल आणि जोडणी V असेल, तर मधल्या बिंदूपासून मोजलेल्या दोन नव्या ऊर्जा अशा येतात :

```
E = ± sqrt( (Δ/2)^2 + V^2 )
```

V हा Δ पेक्षा फार लहान असेल, तर प्रत्येक पातळी `V^2/Δ` इतकी सरकते. V क्षेत्राच्या प्रमाणात असल्यामुळे हे विस्थापन F च्या वर्गाच्या प्रमाणात येते. Δ शून्य असेल किंवा V पुढे नगण्य असेल, तर उत्तर `±V`, म्हणजे F च्या थेट प्रमाणात. सूत्र एकच आहे, त्याची दोन टोके मात्र वेगळी दिसतात.

आता तळपातळी घ्या. 1s ला 2p शी जोडणारी ऊर्जा `0.745·e·a0·F`, म्हणजे ०.३९४ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. उलट या दोहोंमधला फरक १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे सुमारे सव्वीस हजार पट मोठा. `V^2/Δ` काढले की ०.०१५ मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतके खाली सरकणे मिळते. 3p, 4p आणि त्यापलीकडच्या, मुक्त इलेक्ट्रॉनच्या अवस्थाही धरल्या की ते ०.०२३ होते, म्हणजे एकट्या 2p चा वाटा सुमारे दोन-तृतीयांश आहे. क्षेत्र नसताना गोल असलेला इलेक्ट्रॉनचा ढग इथे क्षेत्रामुळे थोडा ओढला जातो, त्यातून द्विध्रुव परिबल तयार होते, आणि मग तेच क्षेत्र त्या परिबलावर काम करते. क्षेत्राला एकदा परिबल तयार करावे लागते आणि एकदा त्यावर परिणाम करावा लागतो, म्हणून F दोनदा येतो.

मग दुसरी पातळी घ्या, आणि इथे थांबून विचार करा. 2s आणि 2p या अवस्थांची ऊर्जा, सूक्ष्म दुरुस्त्या सोडल्या तर, सारखीच असते. `V^2/Δ` हे सूत्र इथे आंधळेपणाने वापरले, तर शून्याने भागावे लागते. उत्तर असे अमर्याद येऊ लागले, की आधी समान ऊर्जेच्या अवस्था एकत्र घेऊन त्यांचा मॅट्रिक्स सोडवायला हवा, असा त्याचा अर्थ घ्यावा. चार अवस्थांपैकी फक्त 2s आणि m = 0 असलेली 2p याच जोडल्या जातात, म्हणून काम दोन ओळींतच संपते :

```
|    0      -3eFa0 |
| -3eFa0      0    |
```

उत्तरे `+3eFa0` आणि `-3eFa0`, म्हणजे अधिक-उणे १.५९ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तळपातळीच्या विस्थापनापेक्षा हे सुमारे अडुसष्ट हजार पट मोठे आहे. नव्या अवस्था 2s आणि 2p यांच्या समसमान मिश्रणाच्या असतात. मिश्रणात ढग एका बाजूला कललेला असतो, म्हणजेच त्याला आधीपासूनच `3ea0` इतके द्विध्रुव परिबल असते. परिबल निर्माण करण्यासाठी क्षेत्राला ऊर्जा मोजावी लागत नाही, त्याने नुसती दिशा ठरवली की झाले. म्हणून F एकदाच येतो.

m = ±1 असलेल्या दोन अवस्थांना त्याच पातळीत जोडीदार नसतो. त्यांना एकरेषीय विस्थापन नाही, फक्त वर्गीय आहे, आणि तेही आपल्या क्षेत्रात जेमतेम ०.८ मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणून १२१.६ नॅनोमीटरची लायमन-अल्फा रेषा तीन भागांत फुटते : मधली जवळपास जागेवरच, आणि बाजूच्या दोन तिच्यापासून ०.०१९ नॅनोमीटर अंतरावर.

उत्तर तपासा. क्षेत्र दुप्पट केले, तर बाजूच्या रेषांचे अंतर दुप्पट व्हावे आणि तळपातळीचे विस्थापन चौपट. सोडियममध्ये 3s आणि 3p यांत सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक आहे, कारण आतल्या इलेक्ट्रॉनांमुळे शुद्ध `1/r` स्थितिज ऊर्जा उरत नाही. तिथे Δ हा V पुढे नगण्य असण्याची अट कधी पूर्ण होत नाही, आणि उत्तर वर्गीयच राहते. हायड्रोजनमधला समान ऊर्जेचा हा योगायोग नेमका `1/r` मुळे घडतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती क्षीण क्षेत्रात. 2s आणि 2p खरोखर तंतोतंत समान नसतात. 2p मध्येच सुमारे ४५ मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा सूक्ष्म फाटा आहे, आणि 2s व खालची 2p यांत लॅम्ब विस्थापनामुळे सुमारे ४.४ मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक आहे. आपल्या क्षेत्रात १.५९ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टपुढे हे दोन्ही क्षुल्लक, म्हणून वरचे गणित चालले. पण क्षेत्र दर सेंटीमीटरला सुमारे ४७५ व्होल्टवर आले, की लॅम्ब विस्थापन आणि 2s व खालची 2p यांची जोडणी, जी इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे इथे `3` ऐवजी `sqrt(3)·e·a0·F` असते, बरोबरीला येतात. त्याहून बरेच खाली गेल्यावर 2s चे विस्थापनही वर्गीय होते. म्हणून "दुसरी पातळी एकरेषीय" असे क्षेत्राचा उल्लेख न करता लिहिणे मला अर्धवट वाटते.

हे मिश्रण प्रयोगात वेगळ्या रीतीनेही दिसते. क्षेत्र नसताना 2s सुमारे ०.१२ सेकंद टिकते, तर 2p केवळ १.६ नॅनोसेकंद. दर सेंटीमीटरला १० व्होल्ट इतके मामुली क्षेत्र लावले, तर 2s मध्ये 2p ची भेसळ सुमारे `(10/475)^2`, म्हणजे दहा हजारांत चार-पाच भाग इतकी होते, आणि तिचे आयुष्य साडेतीन मायक्रोसेकंदांच्या आसपास उतरते. म्हणून 2s अणूंचा झोत वापरताना भटके क्षेत्र आधी मोजून घ्यावे. नाहीतर झोत शोधकापर्यंत पोहोचण्याआधीच लायमन-अल्फा प्रकाश देऊन तळपातळीला गेलेला असतो.