स्क्रीनशॉटमधला #N/A: आधी कुठल्या सेलकडे बघायचं

मी एमआयएसच्या कामाला लागले ती घाऊक किराण्याच्या एका कंपनीत. शाखांकडून व्हॉट्सॲपवर एक्सेलचे स्क्रीनशॉट यायचे आणि खाली एकच ओळ असायची, "ताई, टोटल येत नाहीये." मूळ फाइल हाती पडेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि ऑर्डर तर दुपारी चारच्या आत लावायची असायची. त्यामुळे नुसतं चित्र बघून बिघाड ओळखायला शिकावंच लागलं. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी त्यातलाच एक स्क्रीनशॉट उलगडून सांगते.

शीट साधी होती. A मध्ये मालाचा कोड, B मध्ये नाव, C मध्ये नग, D मध्ये दर आणि E मध्ये रक्कम. माल दुसऱ्या ओळीपासून एकोणिसाव्यापर्यंत आणि E20 मध्ये बेरीज. दरपत्रक त्याच शीटवर उजवीकडे, H2 ते J41. D मध्ये VLOOKUP कोडवरून त्या यादीतला दर शोधून आणायचं आणि E मध्ये नग गुणिले दर. चित्रात E20 मध्ये #N/A दिसत होतं आणि पाठवणाऱ्याने त्याच सेलवर क्लिक केलेलं असल्यामुळे वरच्या फॉर्म्युला बारमध्ये `=SUM(E2:E19)` एवढंच दिसत होतं.

त्या फॉर्म्युल्यात काहीच चूक नव्हती. एरर एका सेलमध्ये जन्माला येते आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक सेलमध्ये तशीच उतरते. म्हणून बेरजेपासून मागे जायचं. E6, E11 आणि E17 मध्ये #N/A होतं. त्यांच्या डावीकडे D6, D11, D17 मध्येही #N/A. त्याच्याही डावीकडे C मध्ये मात्र नीट आकडे. म्हणजे बिघाड D मध्ये, दर शोधताना झालेला. E14 ची गोष्ट वेगळी होती. तिथे #VALUE! होतं आणि D14 मध्ये दर व्यवस्थित आलेला होता. म्हणजे ती एरर E14 मध्येच तयार झालेली. एकाच चित्रात दोन स्वतंत्र दुखणी होती, पण बेरजेत दिसत होतं एकच. SUM ला वरून खाली येताना जी एरर पहिली भेटते तीच ती दाखवते.

हे ठाऊक नसल्यामुळे मी सुरुवातीला मोठी चूक केली होती. अशाच एका शीटमध्ये E च्या सगळ्या ओळींत हे भरलं:

```
=IFERROR(C6*D6,0)
```

टोटल आली, मी ऑर्डर पुढे पाठवली. ज्या चार मालांवर एरर होती त्यांची रक्कम शून्य धरली गेली होती आणि ऑर्डरचा आकडा तेवढा कमी गेला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठ मॅडमनी ओळीओळीने तपासून ते दाखवलं. तेव्हापासून कारण सापडल्याशिवाय मी IFERROR ला हात लावत नाही.

आता D6 कडे. #N/A चा अर्थ असा की जे शोधलं ते यादीत सापडलं नाही. पण शाखेतला मुलगा म्हणत होता, "ताई, कोड यादीत आहे, मला समोर दिसतोय." त्याचं खरं होतं. चित्र मोठं करून A कॉलम बघितला, तर बाकीचे कोड सेलच्या उजव्या कडेला टेकलेले होते आणि A6, A11, A17 मधले डाव्या कडेला. त्या तिन्हींच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोणही होता. एक्सेल संख्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे ठेवतं. ते तीन कोड दिसायला 1042 सारखे आकडेच होते, पण साठवले गेले होते मजकूर म्हणून. कोणाच्या तरी मेसेजमधून कॉपी करून चिकटवलेले. VLOOKUP च्या लेखी संख्या 1042 आणि मजकूर 1042 या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

ही खूण नेहमीच मिळते असं नाही. कोणी कॉलम मध्यभागी आणला असेल तर डावं-उजवं पुसून जातं. मग रिकाम्या सेलमध्ये `=ISNUMBER(A6)` टाकायला सांगायचं. FALSE आलं की निदान पक्कं. मग A6 वर जाऊन त्याच्याजवळच्या पिवळ्या चिन्हावर क्लिक करून Convert to Number निवडलं की दर येतो.

दर आले आणि लगेच शाखेतून दुसरा स्क्रीनशॉट आला, "आता नवीनच एरर आली." E20 मध्ये #VALUE! होतं. ती नवी नव्हती, E14 मध्ये पहिल्यापासून होती, #N/A मागे लपलेली. C14 मध्ये कोणीतरी "25 किलो" लिहिलं होतं आणि शब्द असलेल्या मजकुराला दराने गुणता येत नाही. "किलो" काढलं, टोटल आली. इथे एक बारकावा आहे. C14 मध्ये नुसतं 25 मजकूर म्हणून असतं तर गुणाकार झाला असता, कारण गुणताना एक्सेल त्याची संख्या करून घेतं. शोधताना ते तसं करत नाही.

#N/A चं दुसरं नेहमीचं कारण चित्रातल्या जागेवरून कळतं. वरच्या ओळी ठीक आणि खाली जाता जाता एरर वाढत गेल्या असतील, तर बहुधा दरपत्रकाच्या पत्त्यातली $ चिन्हं राहिलेली असतात. फॉर्म्युला खाली ओढला की पत्ताही सरकतो. दुसऱ्या ओळीत H2:J41 असलेला दहाव्या ओळीत H10:J49 होतो आणि यादीतले वरचे माल त्याच्या बाहेर पडतात. बरोबर फॉर्म्युला असा हवा:

```
=VLOOKUP(A6,$H$2:$J$41,3,FALSE)
```

हे पक्कं करायला फॉर्म्युला दिसावा लागतो. त्यासाठी मी शाखेला Ctrl आणि ` ही की (Esc च्या खालची) एकत्र दाबून पुन्हा स्क्रीनशॉट काढायला सांगते. शीटवरचे सगळे फॉर्म्युले एकदम उघडे पडतात. तीच जोडी पुन्हा दाबली की शीट पूर्ववत.

#REF! दिसलं की मात्र माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फाइल अजून बंद केली नाहीस ना?" बहुतेक वेळा कोणी तरी कॉलम किंवा ओळ डिलीट केलेली असते आणि फॉर्म्युल्यातला पत्ताच पुसला जातो. तिथे आधी काय होतं ते चित्रातून कळत नाही. फाइल उघडी असेल तर Ctrl+Z चालतं, नाहीतर जुनी प्रत शोधावी लागते. गूगल शीट्समध्ये #REF! चा आणखी एक अर्थ असतो: उत्तर अनेक सेलमध्ये पसरायला हवं होतं, पण वाटेत आधीच काही लिहिलेलं आहे. एक्सेल याच अडचणीला #SPILL! म्हणतं. त्यामुळे चित्र कुठल्या प्रोग्रामचं आहे हे आधी बघावं.

#NAME? म्हणजे फंक्शनचं स्पेलिंग चुकलं किंवा मजकुराला अवतरणचिन्हं नाहीत. फॉर्म्युल्यात `_xlfn.XLOOKUP` दिसलं तर त्या संगणकावरचं एक्सेल 2019 किंवा त्याहून जुनं आहे, त्यात XLOOKUP नाही. #DIV/0! असेल तर भागाकारातला खालचा सेल रिकामा किंवा शून्य आहे.

आणि सेलभर नुसते ##### दिसले तर आधी कॉलम रुंद करायला सांगायचं. बहुतेक वेळा आकडा बरोबर असतो, त्याला फक्त जागा पुरत नसते. रुंद करूनही गेले नाहीत तर तारीख किंवा वेळ उणे आली आहे का ते बघायचं. आमच्याकडे हे हजेरीच्या शीटमध्ये व्हायचं. रात्रपाळीच्या माणसाची जाण्याची वेळ सकाळी 6 आणि येण्याची रात्री 10. सहातून बावीस वजा केले की उत्तर उणे. तिथे मी असं लिहायला सांगते:

```
=MOD(C2-B2,1)
```

उत्तर 8 तास येतं, 8:00 असं.