मनी फ्लो इंडेक्स: वरच्या भावामागे खरेदी आहे का, हे तपासताना होणाऱ्या चुका

भाव आणि उलाढाल मिळून खरेदीचा जोर मोजणारा मनी फ्लो इंडेक्स, म्हणजे एमएफआय, ८० च्या वर गेला की शेअर विकायचा, ही सर्वांत महागात पडणारी चूक. ८० चा अर्थ एवढाच की गेल्या १४ दिवसांतल्या उलाढालीच्या एकूण पैशांपैकी ८० टक्के चढत्या दिवसांत फिरले. जोरदार तेजीत तो बरेच दिवस तिथेच राहतो आणि भाव वर जातच राहतो.

उपयोगी खूण वेगळी आहे: भाव नवा उच्चांक गाठतो, पण एमएफआयचे शिखर आधीच्या शिखरापेक्षा खाली राहते. याला डायव्हर्जन्स म्हणतात. भाव चढतोय, पण त्यामागची खरेदी आटते आहे, असा त्याचा अर्थ. मात्र हा डायव्हर्जन्स अनेकदा फसवा निघतो, तो असा.

पहिल्या शिखराच्या वेळी १४ दिवसांतला चढता पैसा ८४० आणि उतरता १६० आहे असे धरा (एकक कोणतेही चालेल). ८४० भागिले १०००, म्हणजे एमएफआय ८४. काही आठवड्यांनी भाव आणखी वर आहे. आता चढता पैसा ६८० आणि उतरता २८०, म्हणजे एमएफआय ७१. डायव्हर्जन्स ठळक दिसतो. पण पहिल्या ८४० पैकी ४४० एकाच दिवसाचे असतील, समजा निकालाच्या दिवशीचे, तर? तो दिवस वगळला की ४०० भागिले ५६०, म्हणजे तिथेही ७१. खरेदी आटलेलीच नाही, फक्त एक अवाढव्य व्हॉल्यूमचा दिवस १४ दिवसांच्या खिडकीतून बाहेर पडला. म्हणून विकण्याआधी दोन्ही शिखरांखालचे व्हॉल्यूमचे दांडे डोळ्यांनी पाहा. इतरांच्या कितीतरी पट उंच दांडा दिसला, तर तो वगळून दोन्ही आकडे पुन्हा काढा. तरीही फरक टिकला, तरच त्याला किंमत द्या.

दुसरा गोंधळ दिवसाच्या दिशेचा. एमएफआय बंद भाव एकटा पाहत नाही. उच्चांक, नीचांक आणि बंद भाव यांची सरासरी कालच्या सरासरीशी ताडतो. काल १०४, १०० आणि १०२, म्हणजे सरासरी १०२. आज १०३.५, ९७ आणि १०३, म्हणजे सुमारे १०१.२. बंद भाव चढला, तरी आजचा सगळा पैसा उतरत्या खात्यात जातो. सगळा म्हणजे अक्षरशः सगळा, सरासरी किंचितशी हलली तरी! या ढोबळपणामुळे एका दिवसाच्या वळणावर भिस्त ठेवू नये.

डायव्हर्जन्स खरा ठरला तरी लगेच घाई नको. दोन शिखरांमधला जो तळ आहे, त्याखाली भाव बंद होईपर्यंत थांबा. भाव दुसऱ्या शिखराच्याही वर बंद झाला, तर तो इशारा रद्द समजा. आणि व्हॉल्यूमचा आकडाच विश्वासार्ह नसेल, जसे परकीय चलनाच्या चार्टवर बहुतेकदा खऱ्या उलाढालीऐवजी भाव किती वेळा हलला एवढेच मोजलेले असते, तर हा इंडेक्स लावूच नका.