डिझेल अडलंय कुठे? कसारा घाटातली रात्र

जुनी डिझेल जीप चढावर दम तोडून बंद पडली. मागच्या ट्रकमधले म्हातारे ड्रायव्हरकाका म्हणाले, "पोरा, सेल्फ मारून बॅटरी संपवू नकोस. आधी टाकीचं झाकण उघड." झाकणाचं भोक बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि डिझेल ओढलं जात नाही. पण झाकण उघडूनही फरक पडला नाही.

इंजिनाजवळच्या, डिझेल ओढायच्या छोट्या हातपंपाचा दांडा वर ओढला की आपोआप खाली खेचला जायचा. म्हणजे अडथळा पंपाच्या अलीकडे, टाकीकडे. टाकीकडून येणारा पाइप पंपापासून सोडवून त्यात पायपंपाने हवा मारली. आधी काहीच नाही, मग टाकीत गुडगुड. गाळ सुटला!

पाइप जोडून, आत शिरलेली हवा काढायला फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल केला, फेस जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत हातपंप मारला आणि स्क्रू आवळला. गाळ टाकीतच आहे, त्यामुळे टाकी धुवावीच लागेल.